लाइटबिलाच्या फोटोतून हिशेबाचा तक्ता: आकडे उतरवणं आणि बिलाकडूनच तपासून घेणं

अमळनेरच्या घराची बिलं काकू व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि ती भरायची जळगावातून, अशी घरं खानदेशात घरोघर सापडतील. कुणाची यावलची वाडी, कुणाचं भुसावळचं भाड्याने दिलेलं क्वार्टर, कुणाचं धुळ्याचं दुकान. फोटो येतो, मागोमाग फोन येतो, "काय रे भाऊ, लाइटबिल भरलं का?" आपण रक्कम बघून भरून टाकतो. वर्षाअखेरीला मात्र भाडेकरूचा वाटा किती आणि थकबाकी कुठून आली, हे काढायला बसलो की गॅलरीतल्या फोटोंचा काही उपयोग होत नाही. त्यासाठी फोटोतले आकडे तक्त्यात उतरवावे लागतात.

इथे मुख्यतः महावितरणचं घरगुती बिल घेतो, कारण त्यात खाचाखोचा सगळ्यात जास्त. पाणीपट्टीचं शेवटी थोडक्यात.

फोटोपासून सुरुवात

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की दाबून लहान होतो. ३ आणि ८ यांतला फरक तिथेच पुसला जातो, पुढे कितीही चांगलं सॉफ्टवेअर वापरलं तरी तो परत येत नाही. म्हणून पाठवणाऱ्याला एकच गोष्ट शिकवायची. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो मूळ आकारात येतो. काकूंना हे फोनवर सांगायला पाच मिनिटं लागतात, पण एकदा जमलं की जमलं.

बिल घडी घालून हातात येतं आणि घडी बरोबर एखाद्या आकड्यांच्या ओळीवर बसते. बिल टेबलावर पसरून, घडीवर नख फिरवून सपाट करायचं. फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात, अगदी वरून फोटो काढायचा. बिलाच्या चारही कडा चौकटीत आल्या पाहिजेत, कारण देय तारखा अनेकदा कडेलगतच्या पट्टीत असतात आणि फोटोत नेमकी तीच पट्टी कापली जाते. मागच्या बाजूला काही छापलेलं असेल तर तिचाही फोटो हवा.

फोटोतून अक्षरं काढणं

मोबाइलवर एक-दोन बिलांपुरतं काम असेल तर गूगल लेन्स पुरतं. संगणकावर गूगल ड्राइव्हमध्ये फोटो चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी खाली मजकूर मिळतो. या दोन्हीत एक अडचण येते. बिलात डावीकडे आकाराचं, म्हणजे स्थिर आकार, वीज आकार अशा आकारणीचं, नाव आणि उजवीकडे रक्कम अशी मांडणी असते. लेन्स पुष्कळदा आधी सगळी नावं एकाखाली एक देतं आणि मग सगळ्या रकमा. मधली एखादी रकमेची जागा रिकामी असली की पुढच्या सगळ्या जोड्या एकेका ओळीने सरकतात आणि इंधन समायोजनाची रक्कम वीज शुल्कासमोर जाऊन बसते. म्हणून नावं किती आणि रकमा किती हे आधी मोजायचं. संख्या जुळत नसेल तर जोड्या फोटोकडे बघून हातानेच लावाव्यात.

दर महिन्याला आठ-दहा बिलं असतील तर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर बरं. उबुंटूसारख्या लिनक्सवर त्याच्याबरोबर मराठीचं पॅकेज `tesseract-ocr-mar` वेगळं बसवावं लागतं. आधी इमेजमॅजिक या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या `convert` आज्ञेने फोटो सरळ आणि करडा करून घ्यायचा, मग टेसरॅक्टने वाचायचा:

```
convert bill.jpg -auto-orient -colorspace Gray -deskew 40% +repage bill.png
tesseract bill.png bill -l mar+eng --psm 6
```

पहिल्या ओळीतलं `-auto-orient` गाळू नका. मोबाइल आडवा धरून काढलेला फोटो आपल्याला सरळ दिसतो, पण फाइलमध्ये तो आडवाच असतो आणि टेसरॅक्ट त्यातून निव्वळ कचरा काढतं. दुसऱ्या ओळीतलं `--psm 6` म्हणजे हा सगळा एकच सलग मजकूर आहे असं धरून ओळीने वाच. त्यामुळे नाव आणि रक्कम बहुतेक एकाच ओळीत राहतात. अक्षरं फार बारीक असतील, म्हणजे फोटोत एकेका आकड्याची उंची वीसेक पिक्सेलपेक्षा कमी असेल, तर पहिल्या आज्ञेत `-resize 200%` जोडून बघा.

मराठी आणि इंग्रजी एकत्र वाचायला लावलं की सॉफ्टवेअर आकड्यांत गोंधळतं. बिलावरची नावं मराठीत आणि आकडे इंग्रजी वळणाचे, त्यामुळे एखादं शून्य देवनागरी येतं, तर एखादा 1 दंडासारखा उभा राहतो. यावरचा माझा उपाय म्हणजे बिल दोनदा वाचायचं. पहिल्यांदा पूर्ण, नावांसाठी. दुसऱ्यांदा फक्त रकमांचा रकाना कापून, आकड्यांखेरीज दुसरं काहीही वाचायची परवानगी न देता:

```
convert bill.png -crop 400x900+1250+1100 +repage rakkam.png
tesseract rakkam.png rakkam -l eng --psm 6 \
  -c tessedit_char_whitelist=0123456789.-
```

कापायचे आकडे आपापल्या फोटोप्रमाणे ठरवायचे: आधी रुंदी आणि उंची, मग डावीकडून आणि वरून किती अंतर. परवानगीच्या यादीत उणे चिन्ह ठेवायला विसरायचं नाही. ते का, हे पुढे येईल.

तक्ता एक नाही, दोन

बहुतेक लोक एका बिलाला एक ओळ आणि प्रत्येक आकाराला एक रकाना असा तक्ता करतात. दोन महिन्यांत तो मोडतो. या महिन्यात व्याज आहे, मागच्यात नव्हतं. दुकानाच्या बिलात वीज विक्री कर आहे, घरच्या बिलात नाही. रकाने वाढत जातात आणि निम्मे रिकामे राहतात.

त्याऐवजी दोन पानं करावीत. पहिलं पान बिलांचं, एका बिलाला एक ओळ: कोणतं मीटर, देयक दिनांक, मागील आणि चालू रिडिंग, युनिट, थकबाकी किंवा जमा, देयकाची निव्वळ रक्कम, आणि भरायच्या रकमा तारखांसह. दुसरं पान आकारांचं, एका आकाराला एक ओळ: कोणतं मीटर, कोणतं बिल, आकाराचं नाव, रक्कम. नवीन आकार आला तर ओळ वाढते, रकाना वाढत नाही. पुढे ‘वर्षभरात वहन आकार किती गेला’ हे एका सूत्रात निघतं.

भरायची रक्कम एकच असते असं धरून चालू नका. घरगुती बिलावर तीन रकमा असतात. एक देय दिनांकापर्यंत भरायची नेहमीची. दुसरी बिल निघाल्यापासून साधारण आठवड्याच्या आत भरल्यास थोडी कमी, कारण तत्पर भरण्याची एक टक्का सूट मिळते. तिसरी देय दिनांकानंतरची, तिच्यात सव्वा टक्का विलंब आकार चढलेला. सॉफ्टवेअरला यातली कोणती खरी हे कळत नाही. ते सापडेल ती पहिली मोठी रक्कम उचलतं. म्हणून तक्त्यात तिन्ही रकमा आपापल्या तारखेसह वेगळ्या रकान्यांत असाव्यात. रक्कम आहे पण तारीख नाही, अशी नोंद भरणाऱ्याच्या काही कामाची नाही.

तारखांबाबत एक सक्त नियम पाळतो. बिलावर ०९-०६-२५ अशी तारीख असेल तर ती तशीच एक्सेलमध्ये टाकायची नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर नऊ जूनचं सहा सप्टेंबर होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तक्त्यात नेहमी `2025-06-09` असं वर्ष, महिना, दिवस लिहायचं. बारा आकडी ग्राहक क्रमांकाचा रकानाही आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. नाहीतर एक्सेल तो `1.2E+11` अशा रूपात दाखवतं आणि सुरुवातीचं शून्य असलं तर गिळून टाकतं.

बिलाकडूनच बिल तपासून घेणं

आता खरं काम. सॉफ्टवेअरने वाचलेले आकडे बरोबर आहेत की नाहीत हे डोळ्यांनी तपासत बसलं तर दहाव्या बिलाला डोळे थकतात. सुदैवाने बिल स्वतःच स्वतःची साक्ष देतं. त्यातले आकडे एकमेकांशी बांधलेले असतात आणि एखादा चुकला की बेरीज बोंब मारते.

एक नमुना घेऊ. दर गणितासाठी धरलेले आहेत, रचना मात्र घरगुती बिलाचीच आहे. वरच्या मजल्याचं मीटर, मे महिन्याचा वापर, कूलर चालू. मागील रिडिंग ४३१८, चालू ४४८६, गुणक १, म्हणजे युनिट १६८. आकार असे:

```
स्थिर आकार            130.00
वीज आकार             1092.80
वहन आकार              252.00
इंधन समायोजन आकार       64.00
वीज शुल्क              246.21
चालू वीज देयक         1785.01
निव्वळ थकबाकी/जमा       -2.37
देयकाची निव्वळ रक्कम   1782.64
पूर्णांक देयक           1780
```

इथे चार गाठी आहेत. पहिली, चालू रिडिंगमधून मागील वजा करून गुणकाने गुणलं की युनिट आले पाहिजेत. दुसरी, आकारांची बेरीज चालू वीज देयकाशी जुळली पाहिजे. तिसरी, घरगुती वीज शुल्क हे आधीच्या चार आकारांच्या बेरजेच्या १६ टक्के असतं. १५३८.८० चे १६ टक्के म्हणजे २४६.२१, जुळलं. चौथी, चालू देयकात थकबाकी मिळवून किंवा जमा वजा करून निव्वळ रक्कम येते आणि ती जवळच्या दहा रुपयांवर आणून पूर्णांक देयक होतं.

समजा सॉफ्टवेअरने तीन चुका केल्या. स्थिर आकाराचा बिंदू गिळून 13000 केलं. वीज आकार 1092.30 वाचला. आणि जमेचं उणे चिन्ह गाळून 2.37 दिलं.

बिंदू हरवल्याची चूक लगेच कळते, बेरीज हजारोंनी उडते. बिलावरच्या रकमा दोन दशांशांपर्यंत छापलेल्या असतात, त्यामुळे बिंदू नसलेली रक्कम दिसली की शेवटचे दोन आकडे पैसे धरायचे. अपवाद पूर्णांक रकमांचा, त्यांना पैसे नसतात.

ती दुरुस्त केल्यावर बेरीज अशी:

```python
from decimal import Decimal as D
r = "130.00 1092.30 252.00 64.00 246.21".split()
print(sum(D(x) for x in r) - D("1785.01"))
```

उत्तर येतं `-0.50`. फरक किती आहे यापेक्षा तो कसा आहे हे बघायचं. एकच आकडा चुकला असेल तर फरक एका अंकाचा, मागेपुढे शून्यं लावलेला येतो: ०.५०, ५, ५० असा. आणि ८ ऐवजी ३ वाचला की फरक नेहमी पाचाचा. १ आणि ७ यांची अदलाबदल सहाचा फरक देते, ० आणि ८ ची आठाचा, ५ आणि ६ ची एकाचा. इथे फरक पन्नास पैशांचा आहे, म्हणजे दशांशानंतरच्या पहिल्या घरात ३ आणि ८ यांचा घोळ. त्या घरात ३ असलेली रक्कम एकच, वीज आकार. तेवढीच जागा फोटोत मोठी करून बघायची, अख्खं बिल पुन्हा वाचायची गरज नाही. वीज शुल्काची गाठही इथे साथ देते. चुकीच्या बेरजेचे १६ टक्के २४६.१३ येतात, छापलेल्या रकमेपेक्षा आठ पैसे कमी. म्हणजे चूक शुल्कात नसून आधीच्या चारांपैकी एकात आहे हे पक्कं होतं.

आता उणे चिन्ह. १७८५.०१ मध्ये २.३७ मिळवले की १७८७.३८ होतात, छापलेली निव्वळ रक्कम १७८२.६४. फरक ४.७४, म्हणजे बरोबर २.३७ च्या दुप्पट. फरक एखाद्या रकमेच्या दुप्पट आला की तिचं चिन्ह उलटं वाचलं गेलंय असं समजावं. ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते. आकडा बरोबर दिसतो, म्हणून डोळा तिथे थांबतच नाही, आणि तक्त्यात जमेची थकबाकी होऊन बसते.

आकडे हाताने टाईप केले असतील तर जुन्या मुनीमांची एक खूण उपयोगी पडते. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेलेत का ते बघायचं. मशीन अशी चूक सहसा करत नाही, माणूस सर्रास करतो.

तीन रकमांचंही असंच. तत्पर भरण्याची सूट कर आणि शुल्क वगळून मोजतात, म्हणजे १५३८.८० चा एक टक्का, १५.३९. निव्वळ रकमेतून तो वजा केला की १७६७.२५, म्हणजे पूर्णांकात १७७०. उशिराची रक्कम याउलट जास्त हवी. सव्वा टक्क्याने साधारण बावीस रुपये चढून १८०० च्या घरात. या हिशेबाने आपण रक्कम ठरवायची नाही, भरायची ती बिलावर छापलेलीच. हिशेब एवढंच सांगतो की लवकरची रक्कम सगळ्यांत लहान, मग नेहमीची, मग उशिराची. हा क्रम मोडला तर रकमा किंवा तारखा अदलाबदल झाल्यात. तारखांचा क्रमही तसाच: देयक दिनांक, साधारण आठवड्याने सवलतीची तारीख, त्यानंतर देय दिनांक, जो घरगुती बिलात देयक दिनांकापासून तीनेक आठवड्यांवर असतो.

हे बिल दुसऱ्या पानावर असं उतरतं:

```
मीटर,देयक_दिनांक,आकार,रक्कम
वरचा मजला,2025-06-09,स्थिर आकार,130.00
वरचा मजला,2025-06-09,वीज आकार,1092.80
वरचा मजला,2025-06-09,वहन आकार,252.00
```

पहिल्या पानावर एक शेवटचा रकाना ठेवावा, ‘जुळलं का’. त्यात छापलेल्या आणि काढलेल्या बेरजेतला फरक सूत्राने यावा. शून्य नसेल ती ओळ लाल. एखाद-दोन पैशांचा फरक छपाईतल्या पूर्णांकामुळे येऊ शकतो, तो सोडून द्यायचा. फाइल सीएसव्ही म्हणून साठवून एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८’ प्रकार निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी चिन्हांचा भुसा दिसेल.

गाठ सुटते पण चूक नसते

काही बिलांत रिडिंगची गाठ जुळत नाही आणि तरी वाचन बरोबर असतं. घराला कुलूप होतं, मीटर बंद होतं किंवा तिथवर पोहोचता आलं नाही, तर चालू रिडिंगच्या जागी आकड्याऐवजी तसा इंग्रजी शेरा येतो आणि युनिट सरासरीने लावलेले असतात. आकडेच वाचायची सक्ती केलेल्या सॉफ्टवेअरला तो शेरा दिसत नाही, ते त्यातूनही काहीतरी आकडा बनवून देतं. म्हणून रिडिंगची जागा नेहमी पहिल्या, पूर्ण वाचनातून घ्यावी आणि पहिल्या पानावर ‘रिडिंगची स्थिती’ असा रकाना ठेवावा. अशी सरासरीची बिलं पुढे खरं रिडिंग आल्यावर समायोजित होतात. त्या महिन्याचं बिल अचानक फुगलं किंवा उण्यात गेलं तर कारण याच रकान्यात सापडतं. मीटर बदललं असेल तर जुन्या मीटरचे युनिट ‘समायोजित युनिट’ म्हणून वेगळे येतात. ते मिळवले की गाठ जुळते.

मागचं बिल भरूनही थकबाकी दिसली तर लगेच घाबरायचं नाही. बिलावर मागील पावतीची तारीख आणि रक्कम असते. आपण भरल्याची तारीख बिल तयार होण्याच्या आसपासची असेल तर ती नोंद पुढच्या बिलात येते. तक्त्यात ‘भरल्याची तारीख’ हा रकाना असला की हे शोधावं लागत नाही, ओळीकडे बघूनच कळतं.

वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येऊ शकतं. कागद ओळखीचा आणि ग्राहक क्रमांक तोच असल्यामुळे ते महिन्याच्या बिलात मिसळतं. त्यात वीज आकार, युनिट काहीच नसतं. ठेव हा खर्च नव्हे, तेव्हा भाडेकरूच्या वाट्यात ती कधीच धरू नये. तिसरं पान काढून तिथे नोंदवा.

बेरजा सगळं पकडतात असंही नाही. ग्राहक क्रमांक आणि तारखा कोणत्याच बेरजेत येत नाहीत. ग्राहक क्रमांक मी फोटोतून कधीच तक्त्यात घेत नाही. सगळ्या मीटरांची एक पक्की यादी एकदाच हाताने, दोघांनी वाचून तयार केली, आणि फोटोतला क्रमांक फक्त त्या यादीशी ताडून बघतो. बारापैकी अकरा आकडे जुळले तर वाचनाची चूक, पाच-सहाच जुळले तर शेजाऱ्याचं बिल. चाळीत किंवा एका वाड्यात चार मीटर असले की हे दुसरं पुष्कळदा होतं. शंका राहिलीच तर महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून मूळ बिल पाहता येतं. फोटोत घडीखाली गेलेला आकडा तिथे स्वच्छ दिसतो.

पाणीपट्टीचं

नगरपालिकेची पाणीपट्टी पुष्कळ गावांत मीटरप्रमाणे नसून नळाच्या आकाराप्रमाणे वर्षाची ठरलेली असते आणि अनेकदा घरपट्टीच्याच मागणी बिलात येते. त्यामुळे युनिटची गाठ इथे नाही. पण अशा बिलात बहुतेक वेळा प्रत्येक करासमोर मागील थकबाकी, चालू मागणी आणि एकूण असे तीन रकाने असतात, आणि खाली प्रत्येक रकान्याची बेरीज. म्हणजे आडवी बेरीजही जुळली पाहिजे आणि उभीही. आडवी एका ओळीत आणि उभी एका रकान्यात चुकली, तर जिथे ती ओळ आणि तो रकाना एकमेकांना छेदतात तिथलाच आकडा चुकीचा वाचलाय.

शास्तीची ओळ वेगळी ठेवा, ती चालू मागणीत मिसळू नका. पुढे ती माफ झाली किंवा वाढली तर नेमकी तेवढीच ओळ बदलता येते. देय तारीख काही बिलांवर छापलेली नसते, ‘बिल मिळाल्यापासून अमुक दिवसांत’ एवढंच असतं. तेव्हा फोटो पाठवणाऱ्याकडून बिल हातात आल्याची तारीख त्याच दिवशी विचारून ‘मिळाल्याची तारीख’ या रकान्यात लिहा आणि देय तारीख सूत्राने काढा. हाताने लिहिलेल्या बिलांवर सॉफ्टवेअर चालवण्यात वेळ घालवू नये. पाच-सहा आकडे असतात, ते टाईप करून आडवी-उभी बेरीज मारली की काम दोन मिनिटांत होतं.